बोल्टचं खरं माप बाहेरून दिसतच नाही. ते काढायला तीन तारा का लागतात?

दोन बोल्ट घ्या. दोन्ही २० मिलिमीटरचे, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत एम २०. बाहेरून मायक्रोमीटर लावला तर दोन्हींचं माप सारखंच येतं, समजा १९.८५ मिलिमीटर. आता दोन्हींवर एकच नट लावून बघा. एका बोल्टवर तो दोन आटे जातो आणि अडकतो. दुसऱ्यावर सरसर जातो, पण जाताना खुळखुळतो. माप सारखं, मग हे असं का?

कारण मायक्रोमीटरने जे मोजलं ते आट्यांचे माथे होते, आणि नट माथ्यांवर बसतच नाही. नट आणि बोल्ट एकमेकांना टेकतात ते आट्यांच्या तिरक्या बाजूंवर. सगळा भार तिथेच येतो आणि फिटिंग घट्ट की सैल हेही तिथेच ठरतं. त्यामुळे मोजायचं असेल तर या उतारांचं माप मोजायला हवं. त्या मापाला म्हणतात पिच डायमीटर.

आता अडचण अशी की पिच डायमीटर ही हात लावता येईल अशी जागा नाही. बोल्टच्या मधोमध एक काल्पनिक नळकांडं आहे असं समजा. हे नळकांडं आटे कापत जातं ते बरोबर अशा उंचीवर, की तिथे आट्याची जाडी आणि दोन आट्यांमधल्या खाचेची रुंदी सारखीच भरते. एम २० च्या नेहमीच्या बोल्टला एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, म्हणजे पिच, २.५ मिलिमीटर असतो. तेव्हा या रेषेवर १.२५ मिलिमीटर लोखंड आणि १.२५ मिलिमीटर खाच. त्या काल्पनिक नळकांड्याचा व्यास म्हणजे पिच डायमीटर.

एम २० साठी तो मुळात १८.३७६ मिलिमीटर धरतात. ड्रॉइंगवर M20×2.5-6g असं लिहिलं असेल, तर बोल्टचा पिच डायमीटर १८.१६४ ते १८.३३४ यांच्या मध्ये कुठेही चालतो. वरची हद्द ओलांडली की नट अडकायची भीती, खालची ओलांडली की आटे नटाला पुरेसे धरत नाहीत. सगळा खेळ या ०.१७ मिलिमीटरमध्ये आहे.

मायक्रोमीटरचे सपाट जबडे खाचेत शिरत नाहीत. म्हणून खाचेत काहीतरी गोल ठेवायचं आणि त्यावरून माप घ्यायचं. हे गोल काहीतरी म्हणजेच तारा. तार म्हटलं तरी ती वाकणारी बारीक तार नव्हे. त्या कडक केलेल्या पोलादाच्या, घासून अगदी गोल केलेल्या छोट्या सरळ काड्या असतात आणि तिन्ही एकाच मापाच्या असतात.

दोन का नाहीत, तीनच का?

एका बाजूला शेजारशेजारच्या दोन खाचांमध्ये दोन तारा ठेवायच्या आणि समोरच्या बाजूला एक. आटे फिरत फिरत पुढे जातात, त्यामुळे बोल्टच्या एका बाजूला जिथे माथा असतो त्याच्या अगदी समोर खाच येते. समोरची तिसरी तार त्या खाचेत बसते, म्हणजे पहिल्या दोघींच्या बरोबर मध्ये.

दोन्हीकडे एकेकच तार ठेवली तर त्या एकमेकींसमोर येत नाहीत, अर्धा पिच मागेपुढे राहतात. मायक्रोमीटर लावला की तो तिरका होतो आणि जे माप येतं ते तिरकंच येतं. एका बाजूला दोन तारा असल्या की त्या बाजूचा जबडा दोन्हींवर सपाट टेकतो आणि मायक्रोमीटर बोल्टला काटकोनात राहतो. तिसऱ्या तारेचं काम एवढंच.

हे वाचायला सोपं वाटतं, पण दोन हातांत तीन तारा, एक मायक्रोमीटर आणि एक बोल्ट सांभाळणं ही वेगळीच कसरत आहे. तारा हमखास खाली पडतात आणि लेथखालच्या चिपमध्ये गेलेली तार शोधणं म्हणजे अर्धा तास गेला. म्हणून कोणी तारांच्या टोकांना रबरबँड लावतं, कोणी थोडं ग्रीस लावून त्या खाचेत चिकटवतं. मायक्रोमीटरच्या जबड्यांवर बसणारे तारांचे होल्डरही मिळतात. ग्रीस लावायचंच असेल तर टोकाकडे लावावं. तार जिथे आट्याला किंवा जबड्याला टेकते तिथे ते आलं तर त्याचाही थर मापात धरला जातो.

तारांवरचं माप म्हणजे पिच डायमीटर नव्हे

तारांवरून येणारं माप नेहमी पिच डायमीटरपेक्षा मोठं असतं. किती मोठं, हे काढायला शाळेतली भूमिती पुरते.

मेट्रिक आट्यांची खाच ६० अंशांची असते. अशा खाचेत गोल तार ठेवली, तर खाचेच्या दोन्ही बाजू खाली वाढवून जिथे टोकदार मिळतील त्या बिंदूपासून तारेचं केंद्र बरोबर तारेच्या व्यासाइतकं वर असतं. तेच टोक पिच रेषेच्या ०.४३३ × पिच एवढं खाली असतं. दोन्ही बाजूंचा हिशोब एकत्र केला आणि वर-खाली उरलेल्या अर्ध्या-अर्ध्या तारा मिळवल्या की हे सूत्र मिळतं:

```
M = d2 + 3W - 0.86603 × P
```

यात M म्हणजे तारांवरून घेतलेलं माप, d2 म्हणजे पिच डायमीटर, W म्हणजे एका तारेचा व्यास आणि P म्हणजे पिच. तारेचा व्यास तिनाने गुणला जातो हे इथेच लक्षात ठेवा, पुढे त्याचा त्रास होणार आहे.

कोणती तार घ्यायची?

सूत्रात कोणत्याही व्यासाची तार टाकली तरी उत्तर येतं. मग तार निवडायचा एवढा बाऊ कशाला? कारण सूत्र कागदावरच्या आट्याचं आहे आणि बोल्टवरचा आटा कागदासारखा असेलच असं नाही.

आधी ढोबळ मर्यादा बघू. तार फार बारीक असेल तर ती खाचेत पूर्ण बुडते आणि मायक्रोमीटर तारेऐवजी माथ्यांवरच टेकतो. फार जाड असेल तर ती उतारावर न बसता माथ्याच्या कडेवर बसते. मेट्रिक आट्यासाठी तारेचा व्यास पिचच्या साधारण ०.५०५ पट ते १.०१ पट यांच्या मध्ये असावा लागतो. २.५ च्या पिचला हे झालं सुमारे १.२६ ते २.५२ मिलिमीटर. ही हद्द कागदावरची आहे. माथ्याच्या कडा थोड्या गोल झालेल्या असतात, म्हणून टोकाच्या मापांपासून लांब राहिलेलं बरं.

पण या हद्दीत बसणाऱ्या सगळ्याच तारा सारख्या नाहीत. जाड तार उतारावर वरच्या भागात टेकते, बारीक तार खालच्या भागात. समजा लेथवरचं टूल नीट घासलेलं नव्हतं आणि खाच ६० ऐवजी ६२ अंशांची झाली. पिच रेषेवर तिची रुंदी बरोबर आहे, पण वरच्या भागात ती हवी त्यापेक्षा रुंद आणि खालच्या भागात अरुंद. जाड तार वर टेकते, तिथे जागा जास्त मिळते आणि ती खाली उतरते, म्हणून माप कमी येतं. बारीक तार खाली टेकते, तिथे जागा कमी असल्यामुळे ती वर उचलली जाते आणि माप जास्त येतं. पिच डायमीटर मात्र दोन्ही वेळा तोच आहे.

या दोघींच्या मध्ये एक तार अशी असते की ती बरोबर पिच रेषेवरच टेकते. तिथे खाचेची रुंदी कोन कितीही असला तरी अर्धा पिचच असते. त्यामुळे कोन चुकला तरी या तारेला जवळजवळ फरक पडत नाही. हीच ‘बेस्ट वायर’. ६० अंशांच्या आट्यासाठी तिचा व्यास काढायचं सूत्र एका ओळीचं आहे:

```
W = 0.57735 × P
```

२.५ पिचसाठी हे येतं १.४४३ मिलिमीटर. आता बाजारातल्या मेट्रिक सेटमध्ये १.१०, १.३५, १.६५, २.०५ अशा ठरावीक मापांच्या तारा असतात. नेमकी १.४४३ ची त्यात नसते. मग १.३५ की १.६५?

१.३५ ची तार पिच रेषेच्या ०.०७ मिलिमीटर खाली टेकते, १.६५ ची ०.१५ मिलिमीटर वर. म्हणजे १.३५ ची तार जास्त जवळ आहे. शिवाय ती माथ्याच्या वर ०.१३ मिलिमीटर डोकावते, तेव्हा मायक्रोमीटर माथ्याला लागायचा प्रश्न नाही. वर घेतलेल्या ६२ अंशांच्या खाचेचा हिशोब केला तर १.३५ ची तार पिच डायमीटर ०.००६ मिलिमीटर जास्त दाखवते, १.६५ ची तार ०.०१२ मिलिमीटर कमी दाखवते आणि नेमकी बेस्ट तार असती तर फरक अर्ध्या मायक्रॉनच्या आतच राहिला असता. साध्या बोल्टला यातलं काहीही चालून जाईल. पण थ्रेड गेज मोजायचं असेल, जिथे सगळी सूटच काही मायक्रॉनची असते, तिथे बेस्ट तारेशिवाय मोजण्यात अर्थ नाही.

लेथवर हे कसं चालतं

समजा टर्नर लेथवर एम २० चे आटे कापतोय आणि त्याच्याकडे १.३५ च्या तारा आहेत. हुशार टर्नर आधीच खडूने मशीनवर दोन आकडे लिहून ठेवतो, म्हणजे दर वेळी सूत्र मांडायची गरज नाही. १.३५ ची तिप्पट ४.०५. त्यातून ०.८६६०३ गुणिले २.५, म्हणजे २.१६५ वजा केले की उरतात १.८८५. पिच डायमीटरच्या दोन्ही हद्दींत हे मिळवायचे. १८.१६४ चे झाले २०.०४९ आणि १८.३३४ चे झाले २०.२१९. तारांवरचं माप या दोहोंच्या मध्ये आलं की काम झालं.

त्याने काही कट घेतले, टूल मागे घेतलं, ब्रशने आटे साफ केले आणि तारा लावल्या. माप आलं २०.३९१. त्याला सुमारे २०.१४५ वर थांबायचंय, म्हणजे दोन्ही हद्दींपासून जवळजवळ सारखंच लांब. अजून ०.२४६ मिलिमीटर व्यासातून काढायचं आहे. टूल सरळ आत जात असेल तर ते याच्या निम्मं, म्हणजे ०.१२३ आत जायला हवं.

एकदम ०.१२३ आत घेणारा टर्नर नवखा. अनुभवी माणूस आधी ०.०८ घेतो. हिशोबाने माप २०.२३१ यायला हवं होतं, पण आलं २०.२४५. कापताना टूल आणि जॉब दोन्ही थोडे दबतात, त्यामुळे सांगितलं तेवढं मटेरियल निघत नाही. आता उरलेले ०.१०० व्यासात, म्हणजे ०.०५ आत. शेवटचं माप २०.१५१. त्यातून १.८८५ वजा केले की पिच डायमीटर १८.२६६. बोल्ट हद्दीत आहे.

इथेच रिंग गेज आणि तारांमधला फरक कळतो. रिंग गेज फक्त ‘जातं’ किंवा ‘जात नाही’ एवढंच सांगतं. अजून किती कापायचं हे तारा सांगतात. जॉब लेथवरून काढल्यावर पुन्हा त्याच जागी बांधून आटे जुळवणं किती कटकटीचं असतं हे ज्याने केलंय त्याला विचारा.

माप कुठे फसवतं

सगळ्यात मोठा फसवा भाग म्हणजे खुद्द तारेचा व्यास. सूत्रात तो तिप्पट होतो. डब्यावर १.३५ लिहिलंय आणि तार झिजून १.३४६ झाली असेल, तर पिच डायमीटर ०.०१२ मिलिमीटर चुकतो, आणि बोल्ट आहे त्यापेक्षा बारीक वाटतो. म्हणून चांगल्या सेटसोबत तारेचा मोजलेला व्यास दिलेला असतो आणि हिशोबात तोच घ्यायचा असतो, गोल केलेला आकडा नाही.

तारा नसतील तर ड्रिल बिटच्या मागच्या गुळगुळीत दांड्या वापरायची युक्ती जुनी आहे. चालते, पण तीनही दांड्या आधी मायक्रोमीटरने मोजाव्या लागतात. ड्रिलवर छापलेलं माप आणि दांडीचं माप सारखं असेलच असं नाही, आणि तीन ड्रिल एकमेकांसारखेही नसतात. शिवाय मायक्रोमीटरने ०.००५ ची चूक केली तर उत्तरात ०.०१५ ची चूक होते. ०.१७ ची सूट असलेल्या बोल्टला हे पचतं, गेजला नाही.

दुसरी गोष्ट जोराची. तार आणि उतार यांचा संबंध एका बिंदूएवढ्या जागेत येतो. मायक्रोमीटर कसून पिळला तर तिथे पोलादही दबतं आणि माप कमी येतं. म्हणून थिंबल हाताने न पिळता रॅचेटनेच फिरवायचं. एकाच जागी तीन वेळा माप घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं, तर बहुतेक वेळा खाचेत बर किंवा चिपचा कण अडकलेला असतो. बोल्टच्या दोन टोकांना वेगवेगळं माप आलं तर मात्र दोष मापाचा नाही, आटे निमुळते झालेत.

आणि एक मर्यादा अशी, जी तारा कितीही चांगल्या असल्या तरी जात नाही. तारा फक्त दोन-तीन खाचांचं सांगतात. लेथचा लीड स्क्रू झिजलेला असेल तर पिच थोडा थोडा चुकत जातो. नटाच्या लांबीत ही चूक ०.०२ मिलिमीटर साचली, तर नटाला तो बोल्ट त्याच्या सुमारे १.७३ पट, म्हणजे ०.०३५ मिलिमीटर जाड वाटतो. तारांनी १८.३१० दाखवलेला बोल्ट नटाला १८.३४५ चा वाटेल आणि हद्दीच्या बाहेर जाईल. माप बरोबर, तरी रिंग गेज जात नाही अशी तक्रार आली की आधी पिच तपासायचा.

आटे तिरके जात असल्यामुळे तारही खाचेत किंचित तिरकी बसते आणि वरच्या सूत्रात ते धरलेलं नाही. एम २० ला ही चूक जेमतेम २ मायक्रॉनची, म्हणून बोल्टसाठी कोणी लक्ष देत नाही. पण एकाऐवजी दोन-तीन आटे सोबत जाणाऱ्या मल्टिस्टार्ट स्क्रूला आटे खूपच तिरके असतात. तिथे हे सूत्र तसंच वापरू नये.

दोन वेगळ्या तारांनी मोजलं तर

आधी जो त्रास वाटला, की तार बदलली की कोनाच्या चुकीमुळे उत्तर बदलतं, त्याचाच उपयोगही करता येतो. बोल्ट एकदा १.३५ च्या आणि एकदा १.६५ च्या तारांनी मोजायचा आणि दोन्ही वेळा पिच डायमीटर काढायचा. दोन्ही उत्तरं जुळली तर कोन बरोबर आहे. जाड तारेचं उत्तर कमी आलं तर खाच ६० अंशांपेक्षा जास्त उघडी आहे, जास्त आलं तर कमी. ६२ अंशांच्या खाचेला हा फरक सुमारे ०.०१८ मिलिमीटर येतो. चांगल्या मायक्रोमीटरवर तो सहज दिसतो.

हीच युक्ती एका नेहमीच्या घोळातही कामाला येते. जुन्या मशीनवर पाऊण इंचाचे ब्रिटिश व्हिटवर्थ बोल्ट अजून सापडतात. त्यांचा पिच २.५४ मिलिमीटर, म्हणजे एम २० च्या अगदी जवळ, पण कोन ५५ अंशांचा. त्यांचं सूत्रच वेगळं आहे:

```
M = d2 + 3.1657W - 0.9605 × P
```

बेस्ट तारही ०.५६३७ × पिच, म्हणजे १.४३२ मिलिमीटर. चुकून ६० अंशांचं सूत्र लावलं तर १.३५ च्या तारांनी पिच डायमीटर फक्त ०.०१६ मिलिमीटर चुकतो आणि कोणाला शंकाही येत नाही. पण त्याच बोल्टवर १.६५ च्या तारा लावल्या की उत्तर उलट्या दिशेने ०.०३३ चुकतं. दोन उत्तरांत ०.०५ मिलिमीटरचा फरक पडला की मायक्रोमीटरला दोष देण्याआधी थ्रेड गेजच्या पात्या काढून कोन ५५ चा आहे की ६० चा, ते बघायचं.